सत्तर खणांत मराठी

समजा, आरोग्य केंद्राला लसीची आठवण पालकांना मेसेजने पाठवायची आहे. इंग्रजी मजकूर १६० अक्षरांत बसतो, म्हणजे एकच मेसेज. मराठी अनुवाद असा होतो:

"आपल्या बाळाच्या लसीचा दुसरा डोस १२ जून रोजी देय आहे. कृपया सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत आरोग्य केंद्रात यावे. येताना लसीकरण कार्ड सोबत आणावे."

याचे तीन मेसेज होतात, आणि पैसेही तिघांचे लागतात. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून तिथे १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. मजकूर त्याहून लांबला की तुकडे पुन्हा जोडण्याची माहिती थोडी जागा खाते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च खुणा उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत, सगळे वेगळे मोजले जातात. 'केंद्रात' डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण मोजणीत आठ भरतो. वरचा मजकूर १४२ भरतो. आकडे इंग्रजीत टाकूनही काही वाचत नाही, कारण एक देवनागरी खूण आली की अख्खा मेसेज दोन बाइटांच्या हिशेबात जातो.

इथे शब्द छाटत बसण्यापेक्षा वाक्य नव्याने मांडावं. 'देय आहे', 'कृपया', 'रोजी', 'येताना' हे सरकारी पत्रातलं सामान आधी उतरवायचं:

"बाळाचा दुसरा डोस १२ जूनला, सकाळी १० ते १, आरोग्य केंद्रात. लसीचे कार्ड आणा."

हे झाले ७५. अजून पाच कमी करायचे आहेत. 'लसीचे' काढलं तर ६९ वर येतं, पण मग कोणी आधार कार्ड घेऊन येईल, कोणी रेशन कार्ड. 'सकाळी' काढलं तरी ६९ च होतात, आणि केंद्र रात्री दहाला उघडत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून 'सकाळी' जावं. 'दुसरा डोस'ऐवजी 'दुसरी लस' लिहिण्याचा मोह मात्र टाळायलाच हवा. त्याने पालकांना ही वेगळीच लस वाटेल.

खरी कसोटी नाव घालताना लागते. 'बाळाचा'च्या जागी 'ओमचा' आलं तर मजकूर ६७ वर उतरतो, 'ज्ञानेश्वरीचा' आलं तर ७६ वर जातो. म्हणून यादीतलं सगळ्यांत लांब नाव घालून मोजावं; नमुन्यातलं छोटं नाव फसवतं. पण एकाच फोनवर दोन मुलांची नोंद असेल, तर 'बाळाचा' म्हणून भागत नाही. तिथे नाव लिहावं आणि दुसऱ्या मेसेजचे पैसे खुशाल मोजावेत.