वर्गणीऐवजी फलकाची जागा

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दुकानात येतात आणि मग रकमेवरून घासाघीस होते. दुकान मोक्याच्या जागी असेल, तर दुकानदाराने त्याआधीच मंडळाला पत्र पाठवून वेगळा प्रस्ताव ठेवावा.

समजा, चौकात हार्डवेअरचे दुकान आहे आणि पहिल्या मजल्याची गॅलरी थेट मंडपाच्या रस्त्याकडे आहे. मंडळाला आरतीच्या वेळा आणि रोजचे कार्यक्रम लोकांपर्यंत पोहोचवायचे असतात. म्हणून दुकानदार लिहितो:

‘मा. अध्यक्ष व कार्यकारिणी, आमच्या गॅलरीवरील १२ बाय ६ फुटांची जागा आपल्या कार्यक्रमपत्रिकेच्या फलकासाठी उत्सवाचे सर्व दिवस विनामूल्य देऊ इच्छितो. छपाई व चौकटीचा खर्च आम्ही करू. खालची एक फुटाची पट्टी आमच्या दुकानाच्या नावासाठी असावी. मजकूर आपण ठरवावा. मात्र फलकावर अन्य जाहिरातदार वा राजकीय छायाचित्रे नसावीत.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल, तर छपाईच्या आदल्या रात्री नेत्यांचे फोटो येतात आणि दुकानाचे नाव कोपऱ्यात दडपले जाते. पट्टीचे माप आधीच लिहून ठेवले, की तो वाद उरत नाही. फलक ७२ चौरस फुटांचा आहे. फ्लेक्सचा दर चौरस फुटाला पंधरा रुपये धरला, तर छपाई १,०८० रुपयांत होते. चौकट आणि मजुरी वेगळी. प्रिंटरचे बिल दुकानाच्या नावाने घेतले, तर तो खर्च जाहिरातीच्या खात्यात दाखवता येतो. मंडळाची वर्गणीची पावती मात्र देणगीची असते, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नये.

परवानगीबद्दल पत्रात एक ओळ हवीच. जागा आपली असली, तरी लोकांना दिसेल असा फलक लावायला महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. महाराष्ट्रात विनापरवाना फलकांवर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अर्ज कोण करणार आणि शुल्क कोण भरणार, हे लिहून ठेवावे. इमारत भाड्याची किंवा सोसायटीची असेल, तर मालकाचे किंवा सोसायटीचे संमतिपत्र जोडावे.

भाद्रपदात पाऊस आणि वारा दोन्ही असतात. मोठा फ्लेक्स शिडासारखा फुगतो आणि सुतळीवर बांधलेला असेल, तर एका रात्रीत कोपरे फाटतात. चारही कडांना दुमड घालून धातूच्या रिंगा बसवाव्यात आणि चौकट भिंतीला पक्की करावी. विजेच्या तारांपासून अंतर राखावे.

पत्र एका पानाचे असावे, गॅलरीचा रस्त्यावरून काढलेला फोटो त्याला जोडावा आणि मंडळाचा खर्च ठरण्याआधी, म्हणजे आषाढातच, ते द्यावे. ‘विसर्जनानंतर दोन दिवसांत फलक आम्ही उतरवू,’ असेही त्यात लिहावे. हे काम नंतर कोणाच्याच अंगावर नसते आणि विचारणा झालीच, तर ती ज्याच्या गॅलरीवर फलक आहे त्याच्याकडे होते.