तीन डोस झालेत, पण कधी?

खराडीतली ऑफिसं सुटली की संध्याकाळी इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांची बाकं भरू लागतात. डॉक्टर आत तपासत असतात, तोवर बाहेरच्या टेबलावर वजनकाटा, थर्मामीटर आणि केस पेपर घेऊन इंटर्न बसलेला असतो. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. त्यातलं शेवटचं वर्ष हे असं हातानं काम करत शिकण्याचं. केस पेपर भरणं हे त्यातलं पहिलं काम. पिल्लांच्या बाबतीत या कागदावर सगळ्यांत जास्त वजन असतं ते तारखांना.

उदाहरणादाखल एक केस घेऊ. बीगल जातीचं नर पिल्लू, वजन 3.8 किलो, तारीख 1 सप्टेंबर. कालपासून उलट्या, आज पातळ शी. पिल्लू आणणारा तरुण पुस्तिका पुढे करतो आणि म्हणतो, "डोस सगळे झालेत, तीनही."

इंटर्न आधी जन्मतारीख पाहतो : 1 जून. पहिला डोस 5 जुलैला, म्हणजे 34 व्या दिवशी. दुसरा 26 जुलैला, 55 व्या दिवशी. तिसरा 9 ऑगस्टला, 69 व्या दिवशी. डोस तीन आहेत हे खरं, पण शेवटचा डोस दहा आठवडेही पूर्ण व्हायच्या आत दिला गेलाय.

इथे गोम आहे. आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला रोगापासून वाचवतात, तशीच लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. ती अंगात पुरेशी असेपर्यंत दिलेली लस वाया जाऊ शकते. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं पाहायचं. या पिल्लाचे सोळा आठवडे 21 सप्टेंबरला भरतात. तेव्हा ‘लसीकरण पूर्ण’ हे शब्द त्याच्या कागदावर आज लिहिता येत नाहीत.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या दोन डोसांपुढे कुपीवरचं स्टिकर चिकटवलंय; त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत आहे. तिसऱ्यापुढे नुसती पेनानं लिहिलेली तारीख. ना स्टिकर, ना डॉक्टरांची सही, ना नोंदणी क्रमांक. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. ती कोणती होती, कशी ठेवली होती, हे आता कळायला मार्ग नाही. इंटर्न तसंच लिहितो : ‘तिसरा डोस मालकाच्या सांगण्यानुसार, पुरावा नाही.’

मग आजाराची हकिकत. दिवसभर मालक ऑफिसात असतो, पिल्लू सांभाळणाऱ्या मावशी घरी. म्हणून फोन मावशींना लागतो. "मावशी, शेवटचं कधी खाल्लं त्यानं? आणि ते पोटात टिकलं का?" नुसतं ‘खातो का’ विचारलं की ‘हो, थोडं थोडं’ असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. मावशी सांगतात, काल दुपारी दहीभात खाल्ला, तो उलटला. त्यानंतर पाणीही टिकलं नाही. सकाळच्या शीला उग्र वास होता आणि ती लालसर होती. ताप 103.8 फॅरनहाइट. हिरड्या चिकट, मानेवरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश जागेवर जाते. शरीरातलं पाणी कमी झाल्याची ही खूण.

आता केस पेपरच्या माथ्यावर लाल शाईनं ‘पार्वो संशयित’ असं लिहिलं जातं आणि पिल्लू बाकावरून लगेच वेगळ्या खोलीत जातं. बाकावर शेजारी पहिल्या डोससाठी आलेली पिल्लं आहेत आणि पार्वोचा विषाणू जमिनीवर, वस्तूंवर महिनोन् महिने तग धरतो. ‘डोस झालेत’ एवढ्यावर विश्वास ठेवला असता, तर पिल्लू अर्धा तास तिथेच बसलं असतं.

शीची झटपट चाचणी डॉक्टर करतात, पण तिच्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. विषाणू कमी प्रमाणात पडत असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते; नुकतीच लस दिली असेल तर कधी लसीमुळेच पुसट रेघ उमटते. त्यामुळे निकाल वाचतानाही शेवटच्या डोसची तारीख समोर लागते. निदान आणि उपचार डॉक्टर ठरवतात. लसीच्या प्रमाणपत्रावर सहीही त्यांचीच, इंटर्नची चालत नाही.

पिल्लू सलाइनवर जातं. बारा आठवडे उलटल्यामुळे रेबीजची लसही द्यायची आहे, पण आजारी जनावराला आज ती टोचायची नाही. इंटर्न ‘पुढील तारीख’ हा रकाना मात्र कोरा सोडत नाही : ‘बरं झाल्यावर तपासून रेबीज; 21 सप्टेंबर किंवा त्यानंतर एकत्रित लस.’ पार्वोतून वाचलेल्या पिल्लाला त्या रोगापासून चांगलं संरक्षण मिळतं. डिस्टेंपरचा धोका मात्र तसाच उरतो. म्हणून हा डोस चुकवायचा नाही, हे मालकाला सांगून तोच मजकूर त्याच्या पुस्तिकेतही उतरवला जातो.