शनिवारचा ट्रेकर मोजला जातो मंगळवारी

समजा, पुण्यातल्या एका छोट्या चमूने सह्याद्रीतल्या पायवाटा दाखवणारं ॲप काढलं आहे आणि वापर मोजायला गूगल ॲनालिटिक्स जोडलं आहे. सोमवारी सकाळी कुणीतरी आलेख उघडतं. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० भेटी, शनिवारी १०५०, रविवारी ७५०, एकूण ३८००. त्याआधीच्या आठवड्यात मात्र शनिवार-रविवार प्रत्येकी १२०० आणि एकूण ४४०० भेटी दिसतात. म्हणजे जवळपास १४ टक्के घट! चहा होण्याआधीच जाहिरात बदलायची चर्चा सुरू होते.

गुरुवारी तोच आलेख पाहिला, तर शनिवार १२०० वर आणि रविवार ११९० वर पोचलेला असतो. एकही ट्रेकर कमी झाला नव्हता. एक पिकलेला आठवडा एका कच्च्या आठवड्याशी ताडून पाहिला, एवढंच घडलं होतं.

हा कच्चेपणा दोन ठिकाणी तयार होतो. पहिलं ठिकाण फोन. ॲपमधल्या नोंदी लगेच रवाना होत नाहीत. बॅटरी वाचावी म्हणून त्या साठवून साधारण तासातासाने एकत्र पाठवल्या जातात. गडावर रेंज नसेल तर त्या फोनमध्येच पडून राहतात. नेटवर्क मिळालं की जातात, पण घटना घडली त्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. म्हणून उलटून गेलेला शनिवार फुगतो. ७२ तासांपेक्षा उशिरा पोचलेली नोंद मात्र मोजणीतून गळते.

दुसरं ठिकाण गूगलचं. आलेल्या नोंदींवर प्रक्रिया पूर्ण व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात. माणूस शोधातून आला की जाहिरातीतून, हे ठरवणं आणखी मागे राहतं, त्यामुळे ताज्या दिवसांत ‘Unassigned’ हा रकाना जाडजूड दिसतो. खरेदी किंवा नोंदणीचं श्रेय कोणत्या जाहिरातीला द्यायचं, हे तर १२ दिवसांपर्यंत बदलू शकतं. जाहिरातीवर पैसे लावणाऱ्यांनी ही मुदत विशेष लक्षात ठेवायला हवी. आलेख स्थिरावल्यासारखा दिसतो तेव्हाही श्रेयाची वाटणी आतून हलत असते.

मग खरा बिघाड ओळखायचा कसा? ‘Realtime’ अहवाल गेल्या ३० मिनिटांतली हालचाल दाखवतो. आपणच ॲप उघडून पाहावं. तिथेही काहीच उमटत नसेल, तर मोजणीचा कोड तुटला असण्याची शंका घ्यावी. तिथे वर्दळ नेहमीसारखी असेल, तर कालचा खड्डा बहुधा भरून येणारा आहे.

दुसरा उपाय वहीपेन्सिलीचा आहे. रविवारचा आकडा सोमवारी सकाळी, मंगळवारी आणि गुरुवारी असा तीनदा लिहून ठेवायचा. चार-सहा आठवड्यांत सोमवारचा आकडा अखेरच्या आकड्याच्या साधारण किती टक्के असतो, ते कळतं. वरच्या उदाहरणात ते ६३ टक्के आहे. एखाद्या सोमवारी ते ४५० वर आलं, तर अंदाज ७१५ च्या आसपास निघतो, आणि ती घट उशिराच्या माथी मारता येत नाही.