उकार आणि अनुस्वार यांची टक्कर

वरच्या ओळीत ‘मनू झाडू’, खालच्या ओळीत ‘पिंकी, कोंबडी’. अक्षरे 24 पॉइंटची आणि ओळींमधले अंतर 30 पॉइंट ठेवले, तर ‘झाडू’चा दीर्घ उकार थेट ‘कों’वरच्या मात्रा-अनुस्वाराला भिडतो. नुकते वाचू लागलेल्या मुलाला कोणते चिन्ह कोणत्या ओळीचे, हेच कळेनासे होते. इंग्रजीच्या सवयीने घेतलेले अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण तिची चिन्हे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही पसरतात. याच आकाराला 38 ते 40 पॉइंटपासून सुरुवात करावी.

अक्षरे सुटी दिसावीत म्हणून ट्रॅकिंग वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्याऐवजी दोन शब्दांमधली जागा वाढवावी. मुलांना खरी गरज तिचीच असते.

जाडी रेग्युलर किंवा मीडियम पुरे. ‘मुक्त’सारख्या फॉन्टमध्ये सात जाड्या मिळतात, पण एक्स्ट्राबोल्डचा मोह मजकुरासाठी टाळावा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर टिकून असतो. अक्षर जाड झाले की ती फट आक्रसते, शाई पसरणाऱ्या कागदावर तर बुजतेच. म्हणून तपासणी पडद्यावर नको; पुस्तकाच्याच कागदावर, मूळ आकारात छापून करावी.