मालमोटारीचा विमा व तिचे घोषित मूल्य

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांच्या दारी आज एखादी तरी मालमोटार उभी असते. तिचा विमा उतरविताना हप्त्याचा आकडा तेवढा पाहिला जातो; विमापत्र मात्र तिजोरीत न वाचताच पडून राहते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तिऱ्हाइताच्या जबाबदारीचा होय. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली अथवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरपाई कंपनी करते. आपली गाडी मात्र त्यात येत नाही. ती मोडली, जळली वा चोरीस गेली तर त्यासाठी सर्वंकष विमा हवा. गाडीतील धान्याचा विमा या दोहोंतही नसतो, तो निराळा उतरवावा लागतो.

सर्वंकष विम्याचा पाया म्हणजे गाडीचे घोषित मूल्य, ज्यास 'आयडीव्ही' म्हणतात. कारखान्याच्या विक्रीच्या किंमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ते ठरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीस शेकडा २०, दोन ते तीन वर्षांच्या गाडीस ३० व चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० अशी ही घट असते. पाच वर्षांनंतर मूल्य परस्पर संमतीने ठरते, आणि घासाघीस होते ती तेथेच.

समजा, अडीच वर्षांच्या गाडीची कारखान्याची किंमत ८,००,००० रुपये आहे. तिचे मूल्य ५,६०,००० येते. दलाल म्हणतो, "शेठ, साडेचार लाख लिहू, हप्ता उतरेल." तिऱ्हाइताच्या विम्याचा हप्ता या मूल्यावर अवलंबून नसल्यामुळे तो तसाच राहतो. स्वतःच्या गाडीचा दर शेकडा दीड रुपया धरला, तर बचत होते १,६५० रुपयांची.

आता ही गाडी बेळगावहून गोव्यास जाताना चोर्ला घाटात उलटली व दुरुस्तीचा अंदाज ३,५०,००० निघाला असे धरू. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या शेकडा ७५ हून अधिक झाला, की गाडी पूर्ण नष्ट झाली असे समजतात. खऱ्या मूल्यावर ही मर्यादा ४,२०,००० असल्यामुळे गाडी दुरुस्त झाली असती. मात्र झिजेपोटी रबर व प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत मालकास सोसावी लागते. उतरविलेल्या मूल्यावर मर्यादा ३,३७,५०० वर येते. गाडी मोडीत निघते व हाती साडेचार लाखच पडतात. त्यातूनही मालकाने सोसावयाची ठराविक रक्कम वजा होते. तशीच दुसरी गाडी घेण्यास लाखभर रुपये पदरचे घालावे लागतात. गाडी चोरीस गेली तरी हिशेब हाच.

मालमोटारीची आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कारखान्याची किंमत पुष्कळदा नुसत्या चासीची असते. वर बांधून घेतलेल्या बॉडीचा खर्च वेगळा सांगून मूल्यात मिळवून घ्यावा, आणि बॉडी बांधणाऱ्याची पावती विमापत्रासोबतच ठेवावी.