फोटोतला डाग ओळखायचा कसा? पांढऱ्या शर्टाची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका गटाने शाळेच्या गणवेशाचे साठ पांढरे शर्ट शिवले. माल द्यायच्या दोन दिवस आधी रात्री नऊ वाजता गटाच्या व्हॉट्सॲपवर एका शर्टाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "अकरा शर्टांवर असे डाग पडलेत, काय करू?" पाच मिनिटांत पाच उत्तरं आली. कोणी म्हणालं हळद आहे, कोणी म्हणालं मशीनचं तेल, आणि तिघींनी लिहिलं, "ब्लीच टाक, जाईल." ताईंनी घाईत एका शर्टावर ब्लीच टाकलंसुद्धा. डाग गेला नाही, उलट जास्त तांबूस दिसायला लागला.

चूक ताईंची नव्हती. डाग कशाचा आहे हे ठरायच्या आधीच औषध ठरलं होतं. म्हणून आज आपण फोटोवरून डाग ओळखायचं बघू.

आधी फोटो नीट हवा

पहिला फोटो पिवळ्या बल्बखाली काढलेला होता. त्या उजेडात पांढरा शर्टच पिवळा दिसतो, मग डागाचा खरा रंग कसा कळणार? मी ताईंना सांगितलं, सकाळी सावलीत, ओसरीवर फोटो काढा. फ्लॅश नको. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग ताडून बघता येतो. एक फोटो पूर्ण शर्टाचा, एक डागाचा जवळून आणि एक कापडाच्या उलट्या बाजूचा.

पूर्ण शर्टाचा फोटो सगळ्या मागतातच असं नाही, पण डाग कुठे पडलाय यावरून निम्मं उत्तर मिळतं. सकाळच्या फोटोत बारीक तांबूस-नारिंगी ठिपके होते. ते अंगभर पसरलेले नव्हते. घडीच्या कडेने एका सरळ रेषेत होते आणि उलट्या बाजूलाही दिसत होते.

मग दोन प्रश्न

फोटोत वास येत नाही, हात लावता येत नाही. म्हणून विचारावं लागतं. शर्ट कुठे ठेवले होते? ताई म्हणाल्या, "पत्र्याच्या पेटीत. पावसामुळे थोडे दमट होते." डागावर आत्तापर्यंत काय काय लावलं? "एकावर ब्लीच, बाकीच्यांना काहीच नाही."

आता शिवणकामात पांढऱ्या कापडावर नेहमी दिसणारे चार डाग बघा.

मशीनचं तेल लागलं तर डाग पसरट असतो, कडा अंधुक असतात, कापड तिथे किंचित पारदर्शक दिसतं. त्यावर कागद दाबला तर कागदालाही तेलकट ठसा उमटतो.

सुई टोचून रक्त लागलं तर एखाद-दुसरा गोल थेंब असतो. ताजा लाल, जुना झाला की तपकिरी. तो बहुतेक शिवणीजवळ, काज्याजवळ सापडतो.

हळद पिवळी असते. तिची खूण सोपी आहे. कपड्याच्या वडीच्या साबणाचा फेस लावला की हळद लालसर होते. दुसऱ्या डागांचं असं होत नाही.

गंजाचे ठिपके तांबूस-नारिंगी, कडा ठळक, आणि जिथे लोखंड टेकलं तिथेच. साबणाने त्याला काही फरक पडत नाही, पण लिंबाचा थेंब टाकून थोडं थांबलं की फिकट होतो.

ताईंच्या शर्टांवरचे डाग पेटीच्या गंजलेल्या कडेला टेकलेल्या घडीवरच होते. एका ठिपक्यावर साबण लावून बघितला, लाल झाला नाही. लिंबू लावलं, पंधरा मिनिटांत फिकट झाला. म्हणजे गंज.

गंजावर ब्लीच का चालत नाही?

लोखंडाला हवा आणि ओल लागली की गंज तयार होतो. ब्लीच रंग उडवतं, पण कापडात बसलेलं लोखंड काढत नाही, उलट डाग पक्का करतं. गंज विरघळतो तो आंबट पदार्थाने. म्हणून लिंबू किंवा लिंबूसत्व.

पण इथे एक धोका होता. ब्लीच टाकलेल्या त्या एका शर्टाबद्दल गटावर कोणीतरी लिहिलं, "त्यावर लगेच लिंबू पिळ." ताईंनो, हे कधीच करू नका. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतू शकतं. बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचचंही तसंच. तो शर्ट आधी साध्या पाण्यात चार-पाच वेळा खळबळून, वास पूर्ण जाईपर्यंत धुवायला सांगितला. नंतर तो बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी घेतला.

बाकीच्या दहा शर्टांचं काय केलं

शर्ट ओला करून डागावर मीठ पसरलं, वर लिंबू पिळलं, तासभर उन्हात ठेवलं. मधे सुकायला लागलं की पुन्हा लिंबू. मग साध्या पाण्याने धुतलं. सात शर्ट पहिल्याच फेरीत साफ झाले. तीनांवर पुसट खूण राहिली. त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या टबात एक पेला कोमट पाण्याला एक चमचा लिंबूसत्व घालून फक्त डागाचा भाग वीस मिनिटं भिजवला. लोखंडी घमेलं इथे वापरायचं नाही, नाहीतर नवा गंज लागेल. शेवटी भरपूर पाण्याने धुवायचं, कारण आंबट कापडात राहिलं तर सुती धागा कमजोर होतो. आणि डाग गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही.

ब्लीचवाल्या शर्टावर दोन फेऱ्या करूनही पुसट पिवळी खूण राहिली. तो ताईंनी नगातून काढला आणि स्वतःच्या पैशाने नवा शिवून दिला. साठ शर्ट वेळेत गेले, पण तो एक शर्ट वाचला असता.

बाकी तीन डागांसाठी थोडक्यात

तेलाच्या डागाला पाणी लावायच्या आधी भांडी घासायचं लिक्विड चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा. रक्ताला नेहमी गार पाणी, हवं तर चिमूटभर मीठ. गरम पाण्याने ते धाग्यात बसतं. हळदीचा डाग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, लाल झालेली खूण बघून घाबरू नका. हळदीचा रंग उन्हाने उडतो, एक-दोन दिवस लागले तरी चालेल.

आणि पेटीचं काय केलं? आता तिच्या आत प्लास्टिकचा कागद अंथरलाय, शर्ट कडकडीत वाळल्याशिवाय आत जात नाहीत, आणि कापडात टाचणी ठेवून घडी करत नाहीत, कारण ओल लागली की टाचणीही गंजते.

पुढच्या वेळी डागाचा फोटो पाठवाल तेव्हा सोबत एवढं लिहा: कापड कुठे होतं, डाग कधी पडला आणि त्यावर काय लावलंय. तोवर ब्लीचची बाटली बंदच राहू द्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक