गैरहजर विद्यार्थी पास कसा होतो?

वर्गाचा निकाल एक्सेलमध्ये लावताना शंभरपैकी 35 ही उत्तीर्णतेची रेषा धरून बहुतेक शिक्षक हे सूत्र लिहितात:

```
=IF(B2>=35,"पास","नापास")
```

B2 मध्ये 34 असेल तर नापास, 35 असेल तर पास. >= ऐवजी नुसते > लिहिले, तर नेमके 35 मिळवणारे मूल नापास होते, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून बघावे.

खरा घोळ गैरहजरांचा. रकान्यात AB लिहिले की हे सूत्र त्या मुलाला चक्क पास करते! कारण तुलनेत एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठाच मानते. उलट चौकट रिकामी ठेवली तर ती शून्य धरली जाते आणि पेपरलाच न बसलेले मूल नापास ठरते. दोन्ही अन्यायच. म्हणून गैरहजेरी आधी तपासायची आणि गुण नंतर:

```
=IF(B2="AB","गैरहजर",
 IF(ISNUMBER(B2),
 IF(B2>=35,"पास","नापास"),
 "तपासा"))
```

ISNUMBER चौकटीत खरोखर संख्या आहे का ते पाहते. दुसरीकडून चिकटवलेल्या यादीत 28 हा आकडा कधी मजकूर म्हणून येतो. तो बहुधा चौकटीच्या डाव्या कडेला सरकलेला दिसतो, आणि पहिल्या सूत्रात तोही पास झाला असता. इथे त्याच्यापुढे ‘तपासा’ उमटते. रिकामी चौकट किंवा AB नंतर चुकून पडलेली मोकळी जागाही तशीच पकडली जाते. मात्र 53 चे 35 टंकले गेले, तर ते कोणतेच सूत्र ओळखणार नाही. तिथे उत्तरपत्रिकेशी पडताळणीच हवी.